३० दिवसांनी परत येतं, की ३० दिवसांनी जातं?

बारावीच्या परीक्षेआधी घराघरात एक सीन ठरलेला असतो. आई म्हणते, 'तो फोन आधी ठेव,' आणि मग पोरगी किंवा पोरगा एकदम त्यागाच्या मूडमध्ये येऊन जाहीर करतो, 'मी इन्स्टाच बंद करतेय. परीक्षा संपेपर्यंत. बास.' स्टोरी टाकली जाते, 'सी यू आफ्टर बोर्ड्स' वगैरे. मित्रमैत्रिणी रडके इमोजी पाठवतात. आणि रात्री अकराच्या सुमारास, झोप डोळ्यांवर असताना, सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी दाबलं जातं.

ते 'काहीतरी' नेमकं काय होतं, यावर सगळं ठरतं. तुमच्यापैकी कितीजणांना ते आत्ता, न बघता, सांगता येईल?

माझ्या एका मैत्रिणीची धाकटी बहीण सांगलीला बारावी कॉमर्सला होती. साल २०२५. तिचं इन्स्टावर मेंदीच्या डिझाइनचं अकाउंट होतं. फॉलोअर्स फार नव्हते, हजार-बाराशे असतील, पण आजूबाजूच्या लग्नसराईतल्या ऑर्डर तिला तिथूनच यायच्या. आठवीपासून काढलेली प्रत्येक मेंदी तिथे होती. तिने ५ फेब्रुवारीला अकाउंट बंद केलं. पेपर ११ फेब्रुवारीला सुरू होणार होते आणि वेळापत्रक १८ मार्चपर्यंत होतं. बंद करताना स्क्रीनवर कुठेतरी '३० दिवस' असं तिने वाचलं होतं. तिला वाटलं, छान, ३० दिवसांनी अकाउंट आपोआप परत चालू होईल. उलट थोडं लवकरच होईल, पेपर संपायच्या आधी, तेव्हा आपण लॉगिनच करायचं नाही.

१९ मार्चला तिने लॉगिन केलं, तर असं अकाउंटच नाही. आधी वाटलं पासवर्ड चुकला. मग वाटलं हॅक झालं. दोन दिवस घरात रडारड. प्रत्यक्षात हॅकबिक काही नव्हतं. तिने `Deactivate account` न दाबता `Delete account` दाबलं होतं, आणि ते ३० दिवस परत येण्याचे नव्हते, जाण्याचे होते. ७ मार्चला मुदत संपली होती. त्या दिवशी ती बहुधा अकाउंट्सच्या पेपरचा अभ्यास करत बसली होती. योगायोग बघा.

ही चूक करणारी ती एकटी नाही, हे मला नंतर जिथे जिथे हा किस्सा सांगितला तिथे कळलं. 'म्हणजे ते ३० दिवस तसे नसतात?' हा प्रश्न इंजिनीअरिंगच्या पोरांनीसुद्धा विचारला. तेव्हा आज हा एकच गुंता सोडवू, आणि नीट सोडवू. इन्स्टाग्राम आणि फेसबुक धरून चालू, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. बाकीच्यांकडे शेवटी एक नजर टाकू.

पहिल्यांदा एक गोष्ट बाजूला काढून ठेवा. फोनवरून अॅप काढून टाकणं म्हणजे अकाउंट बंद करणं नाही. अॅप अनइन्स्टॉल केलं तर फक्त तुमच्या फोनमधली जागा मोकळी होते. प्रोफाइल जसंच्या तसं दिसत राहतं, लोक टॅग करत राहतात, मेसेज येऊन पडत राहतात. 'मी इन्स्टा डिलीट केलं' असं म्हणणाऱ्या दहापैकी सात-आठ जणांनी (हा माझा अंदाज, सर्व्हे नाही) फक्त आयकॉन उडवलेला असतो. अभ्यासासाठी तेवढं पुरत असेल तर उत्तमच, उलट सगळ्यात सुरक्षित उपाय तोच.

आता खरी दोन बटणं. इन्स्टाच्या सेटिंगमध्ये वर `Accounts Center` दिसतं. तिथे `Personal details`, त्यात `Account ownership and control`, त्यात `Deactivation or deletion`. आत गेल्यावर आधी कुठलं अकाउंट ते निवडायचं. ही पायरी घाईत पुढे ढकलू नका. तुमचं पर्सनल, फॅनपेजवालं आणि जोडलेलं फेसबुक अशी सगळी अकाउंट्स तिथे एकाखाली एक असू शकतात. मग येतो तो स्क्रीन, ज्यावर दोन गोल आहेत. एकासमोर `Deactivate account`, दुसऱ्यासमोर `Delete account`. एकाच स्क्रीनवर, शेजारी शेजारी. एक दार दिवाणखान्यात उघडतं, दुसरं थेट गॅलरीच्या कठड्याबाहेर, आणि दोन्ही दारांचा रंग सारखा. माझं मत विचाराल तर हे दोन पर्याय इतक्या जवळ ठेवायलाच नको होते. असो.

डिअॅक्टिव्हेट म्हणजे दुकानाचं शटर खाली ओढणं. आत माल जागच्या जागी आहे. प्रोफाइल, फोटो, कमेंट, लाइक हे सगळं बाहेरच्यांना दिसेनासं होतं. तुमचं नाव शोधलं तर सापडत नाही. पण कंपनीच्या सर्व्हरवर एक अक्षरही कमी झालेलं नसतं. तुम्ही पुन्हा लॉगिन केलं, की शटर वर. फॉलोअर्स तेच, पोस्ट त्याच, अर्धवट राहिलेली भांडणंही तीच. याला ३० दिवसांची कुठलीही घंटा बांधलेली नाही. दोन महिने ठेवा, चार महिने ठेवा, ते आपोआप डिलीटच्या रांगेत जात नाही. फेसबुकवर डिअॅक्टिव्हेट करताना काही दिवसांनी आपोआप चालू करण्याचा पर्याय मिळतो, पण तो तुम्ही निवडलात तरच.

इन्स्टावर एक छोटी अट आहे. डिअॅक्टिव्हेट आठवड्यातून एकदाच करता येतं. म्हणजे सोमवारी बंद केलं, मंगळवारी 'फक्त एक रील बघते' म्हणून लॉगिन केलं, तर अकाउंट चालू झालं आणि लगेच परत बंद करता येत नाही. ब्रेकअपनंतरच्या आठवड्यात हा नियम फार जणांना भेटतो.

आणि शटर पूर्ण खाली येत नाही, खाली फट राहते, हेही माहीत असू द्या. फेसबुक डिअॅक्टिव्हेट केलं तरी तुम्ही पाठवलेले जुने मेसेज समोरच्याला दिसतात. मेसेंजर तुम्ही वापरतच राहिलात तर तो चालू राहतो. मित्राच्या फ्रेंडलिस्टमध्ये त्याला स्वतःला तुमचं नाव दिसू शकतं. ग्रुपच्या अॅडमिनला तुमच्या पोस्ट आणि कमेंट तुमच्या नावासह दिसू शकतात. तेव्हा कुणापासून पूर्ण गायब व्हायचं म्हणून डिअॅक्टिव्हेट करणार असाल, तर तो हेतू अर्धाच साधतो.

फेसबुकच्या बाबतीत आणखी एक गंमत. ज्या गेममध्ये किंवा अॅपमध्ये तुम्ही 'फेसबुकने लॉगिन' केलेलं आहे, तिथे त्याच रस्त्याने पुन्हा शिरलात तर बंद केलेलं फेसबुक चालू होतं. मग कुणीतरी विचारतं, 'अरे, तू परत आलास?' आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

आता दुसरं बटण, डिलीट. इथे घड्याळ सुरू होतं, आणि ते एक नाही, एकामागून एक अशी दोन-तीन घड्याळं आहेत. सांगलीच्या पोरीच्या तारखा घेऊनच बघू, म्हणजे डोक्यात बसेल.

५ फेब्रुवारीला तिने डिलीट दाबलं, पासवर्ड दिला, कारण विचारलं तिथे काहीतरी निवडलं. त्या क्षणापासून तिचं प्रोफाइल इतरांना दिसेनासं झालं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला डिअॅक्टिव्हेट आणि डिलीट यांत काही फरकच दिसत नाही. मैत्रिणी म्हणाल्या, 'हो, बंद झालंय तुझं.' तिलाही तेच हवं होतं. गडबड झालीय हे सांगणारं बाहेर काहीच नव्हतं.

पहिलं घड्याळ ३० दिवसांचं. या काळात सगळा डेटा जिवंत असतो. ६ मार्चपर्यंत तिने एकदा जरी नीट लॉगिन केलं असतं, तर समोर एक स्क्रीन आला असता: हे अकाउंट अमुक तारखेला कायमचं डिलीट होणार आहे, ठेवायचं आहे का? तिथे `Keep account` दाबलं की विषय संपला, सगळं परत. फेसबुकवर याच जागी `Cancel Deletion` असतं. बिचारीने शिस्त पाळली, एकदाही लॉगिन केलं नाही. शिस्तच महागात पडली, हे असं क्वचित होतं.

दुसरं घड्याळ ३० दिवस संपल्यावर. ७ मार्चनंतर तुमच्या हातातला दोर सुटलेला असतो. लॉगिन नाही, रद्द करणं नाही. पण म्हणून त्या रात्री बारा वाजता सर्व्हरवरून सगळं पुसलं जात नाही. पुसायची प्रक्रिया सुरू झाल्यापासून सगळं काढायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, असं मेटा सांगते. तिच्या हिशेबात धरून चालायचं तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. या काळात डेटा इतर कुणाला दिसत नाही, पण असतो. तुम्हाला मिळत नाही आणि संपलेलाही नसतो, अशी ती मधली अवस्था.

आणि ९० दिवसांनंतरही बॅकअपच्या साठ्यात काही प्रती राहू शकतात. डेटा सेंटरमध्ये आग लागली, सॉफ्टवेअर बिघडलं, तर परत उभं करता यावं म्हणून ठेवलेल्या त्या प्रती. त्याशिवाय कायदेशीर कारणासाठी किंवा नियमभंगाच्या चौकशीसाठी काही माहिती ठेवली जाऊ शकते. हे कंपनी लपवत नाही, मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे. आपण ते पान वाचत नाही, एवढंच.

यात भारतासाठी एक वेगळी गाठ आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांत असं कलम आहे, की वापरणाऱ्याने नोंदणी रद्द केली तरी नोंदणीसाठी घेतलेली त्याची माहिती कंपनीने १८० दिवस जपून ठेवायची. म्हणजे नाव, फोन नंबर, ईमेल यांसारखी माहिती. तुमच्या मेंदीच्या फोटोंचा याच्याशी संबंध नाही. पण 'मी डिलीट केलं, आता माझा नंबर त्यांच्याकडे नाही' असं कुणी लगेच म्हणत असेल, तर त्याला सांगा, सहा महिने थांब. सांगलीच्या अकाउंटपुरतं बोलायचं तर सप्टेंबर उजाडेपर्यंत. तपास यंत्रणांना गरज पडली तर माग काढता यावा, हा त्या कलमामागचा विचार. खोटं अकाउंट काढून कुणाला छळायचं आणि मग डिलीट मारून मोकळं व्हायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनीही हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कशाला लागतो? एक फाइल डिलीट करायला लॅपटॉपवर एक सेकंद लागतो.

पहिल्या ३० दिवसांचं कारण तांत्रिक नाहीच, ते माणसाचं आहे. लोक रागात डिलीट करतात. भांडण होतं, रात्री दोनला बटण दाबलं जातं, सकाळी पश्चात्ताप. दुसरं म्हणजे तुमचं अकाउंट दुसऱ्याच्या हातात पडलं आणि त्याने जाता जाता डिलीट केलं, तर तुम्हाला परत मिळवायला काही दिवस हवेत. फेसबुकवर ही मुदत पूर्वी १४ दिवसांची होती, २०१८ मध्ये ती ३० केली. तेव्हा काहींना वाटलं, लोकांनी जाऊ नये म्हणून ही मुदत वाढवली. तेही कारण असेलच थोडंफार, मी कंपनीची वकिली करत नाही. पण ज्याचं अकाउंट चोरीला गेलंय त्याला विचारा, १४ दिवस किती कमी पडतात ते.

पुढचे ९० दिवस मात्र खरोखर तांत्रिक आहेत. तुमचं अकाउंट ही एक फाइल नसते. ते लाखो छोट्या नोंदींचं जाळं असतं, आणि प्रत्येक नोंद दुसऱ्या कुणाच्या तरी नोंदीला धाग्याने बांधलेली असते. तुमचा फोटो, त्यावर मैत्रिणीची कमेंट, त्या कमेंटला तिसऱ्याचं लाइक, त्यात चौथा टॅग. आता तुम्ही गेलात तर काय काय जायला हवं? फोटो जायला हवा, हे उघड आहे. फोटोखालच्या कमेंटही गेल्या, कारण त्यांना उभं राहायला जागाच उरली नाही. पण टॅग केलेल्या चौथ्या मुलाचं अकाउंट जाऊन चालेल का? अजिबात नाही. तिथे फक्त धागा तोडायचा, टोकाची वस्तू तशीच ठेवायची. फेसबुकच्या इंजिनीअर्सनी २०२० मध्ये त्यांच्या पुसणाऱ्या यंत्रणेवर शोधनिबंध लिहिला होता. 'डेल्फ' हे तिचं नाव. तिचा गाभा हाच आहे: प्रत्येक धाग्याला आधीच ठरवून द्यायचं, की इथे नुसता धागा तोडायचा, की पलीकडची वस्तूही पुसायची, की तिला धरणारं दुसरं कुणीच उरलं नाही तरच पुसायची. एका जागी चूक झाली तर कुणा दुसऱ्याचाच डेटा उडतो, किंवा तुमचा काही भाग अनाथासारखा मागे राहतो. म्हणून घाई करत नाहीत.

याच हिशेबाने मेसेजचं कोडं सुटतं. तुम्ही कुणाला पाठवलेला मेसेज कुणाचा? तुमचाही आणि ज्याला मिळाला त्याचाही. तुम्ही अकाउंट कायमचं डिलीट केलं तरी फेसबुकवर पाठवलेले मेसेज समोरच्याच्या इनबॉक्समध्ये राहू शकतात. इन्स्टावरही जुन्या चॅटमध्ये तुमच्या नावाच्या जागी `Instagram User` असं दिसतं आणि खाली तुमचीच वाक्यं असतात. रागात पाठवलेलं काही पुसायचं असेल, तर अकाउंट डिलीट करणं हा त्यावरचा इलाज नाही. अकाउंट चालू असताना तो मेसेज दाबून धरायचा आणि अनसेंड करायचा. अकाउंट गेल्यावर तेही हातात राहत नाही. आणि स्क्रीनशॉटला तर कुठलंच बटण लागू पडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक गंभीर गोष्ट इथेच सांगते. कुणी त्रास देतंय, धमकावतंय, फोटोंवरून ब्लॅकमेल करतंय, म्हणून घाबरून अकाउंट उडवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांची घाई समजते. पण अकाउंट गेलं की तुमच्या बाजूचं चॅट तुम्हाला उघडता येत नाही, म्हणजे पुरावा तुम्हीच स्वतःच्या हाताने कुलूपबंद केला. अशा वेळी आधी समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, ते घरातल्या किंवा विश्वासातल्या एका माणसाकडे पाठवून ठेवा, त्या प्रोफाइलचा रिपोर्ट करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. दिसेनासं व्हायचं असेल तर तोवर डिअॅक्टिव्हेट आहेच. डिलीटचा विचार सगळं मार्गी लागल्यावर.

बरं, समजा तुम्हाला खरंच कायमचं जायचंय. चुकून नाही, विचार करून. मग निघण्याआधी सामान गोळा करा. त्याच `Accounts Center` मध्ये `Your information and permissions` आहे, तिथून तुमच्या सगळ्या माहितीची प्रत मागवता येते. फोटो, रील, मेसेज, सगळं. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे तारखांचा अवधी. तिथे 'गेलं एक वर्ष' असं काही आधीच निवडलेलं असेल आणि तुम्ही बघितलं नाही, तर आठवीपासूनच्या मेंदीऐवजी फक्त बारावीची मेंदी हातात येते. `All time` निवडा. दुसरं, फॉरमॅट. `HTML` घेतलंत तर ब्राउझरमध्ये साध्या पानासारखं उघडतं. `JSON` हे दुसऱ्या प्रोग्रॅमला खायला घालण्यासाठी असतं, ते उघडून बघितलंत तर नुसते कंस आणि अवतरणचिन्हं दिसतील. फोटोंची क्वालिटीही जास्तीची निवडा.

ही फाइल लगेच तयार होत नाही. कधी तासाभरात येते, कधी कित्येक दिवस लागतात. तयार झाली की ईमेल येतो, आणि डाउनलोडची लिंक चारच दिवस चालते. तेव्हा आधी फाइल मागवा, ती उतरवा, उघडून बघा, दोन-चार जुने फोटो खरंच आलेत का ते तपासा, आणि मग डिलीट दाबा. 'मागवलीय, येईल' एवढ्यावर विसंबून डिलीट दाबू नका.

मग इतर अॅप्स. गाण्यांचं अॅप, गेम, एखादा ऑनलाइन कोर्स असं कुठे कुठे फेसबुकने लॉगिन करता, ते आठवा. फेसबुक कायमचं गेलं की त्या रस्त्याने तिथे शिरता येत नाही. आधी तिथे ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या. कॉलेजच्या फेस्टचं किंवा नाट्यमंडळाचं फेसबुक पेज असेल आणि तुम्ही एकटेच अॅडमिन असाल, तर तुमच्याबरोबर ते पेजही जातं. दुसऱ्या कुणाला तरी अॅडमिन करा आणि मग निघा. सीनियर बॅच पास होऊन गेली आणि पेजही गेलं, असं होऊ देऊ नका. इन्स्टा डिलीट केलं तर त्याला जोडलेलं थ्रेड्सही जातं. उलट फक्त थ्रेड्स नको असेल, तर २०२३ च्या नोव्हेंबरपासून ते एकटं डिलीट करता येतं. त्याआधी त्याच्यासाठी इन्स्टाचाच बळी द्यावा लागायचा.

शेवटचं सामान म्हणजे सिमकार्ड. हसू नका. बारावीनंतर पुण्याला गेलात, नवीन सिम घेतलं, जुनं बंद पडलं. मधल्या ३० दिवसांत वाटलं, नको, परत घेऊ अकाउंट. लॉगिन करायला गेलात तर कोड जुन्या नंबरवर. मुदत कागदावर शिल्लक आहे, पण तुमच्यासाठी ती संपलेली आहे. तेव्हा डिलीट दाबल्यावर निदान महिनाभर तो नंबर आणि तो ईमेल दोन्ही जिवंत ठेवा. स्क्रीनवर जी शेवटची तारीख दिसते तिचा स्क्रीनशॉट काढा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये तिच्या तीन दिवस आधीचा अलार्म लावा. मन बदललं नसेल तर अलार्म बंद करून झोपा.

आपण नेमकं काय दाबलंय याची आत्ता शंका आली असेल, तर ओळखायचं कसं? बाहेरून ओळखता येत नाही, ते वर सांगितलं. आतून येतं. लॉगिन करून बघा. थेट फीड उघडलं तर ते डिअॅक्टिव्हेट होतं, आणि आता चालू झालं. मध्येच तारखेचा स्क्रीन आडवा आला, तर ते डिलीटच्या रांगेत आहे. आणि असं अकाउंटच सापडत नाही असं म्हणालं, तर आधी युजरनेमचं स्पेलिंग तपासा, मग ईमेलचा इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघा. इन्स्टाकडून आलेला मेल कुठेतरी पडलेला असतो. आम्हाला सांगलीचं कोडं तिथेच उलगडलं.

राहिली बाकीची अॅप्स. तिथे मोठी अडचण एकच, ती म्हणजे शब्द सगळीकडे सारखे वापरत नाहीत. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, `Deactivate` म्हणजेच डिलीटची सुरुवात. तिथे नुसतं शटर ओढायचं बटण नाहीच. डिअॅक्टिव्हेट केलं, ३० दिवस लॉगिन केलं नाही, की ते पुसण्याच्या वाटेला लागतं. इन्स्टाच्या सवयीने कुणी तिथे 'दोन महिने ब्रेक' घेतला तर ब्रेक कायमचाच. स्नॅपचॅट उलट्या बाजूने येतं. तिथे डिलीट म्हटलं तरी पहिले ३० दिवस ते डिअॅक्टिव्हेटेड म्हणून ठेवतात. व्हॉट्सअॅपवर तर थांबणं हा प्रकारच नाही. अकाउंट डिलीट केलं की सगळ्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर, आणि 'नको, राहू दे' म्हणायची सोय नाही. त्यांच्या बाजूने माहिती पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, पण तो वेळ त्यांचा, तुमचा नाही. त्यामुळे बटणावर काय लिहिलंय त्यापेक्षा खालच्या बारीक अक्षरांत दोनच गोष्टी शोधा: परत यायची तारीख आहे का, आणि त्या तारखेनंतर काय होतं.

सांगलीच्या पोरीचं पुढे काय झालं, हे विचारणारच तुम्ही. अकाउंट परत आलं नाही, येणारही नव्हतं. तिने नवीन काढलं. जुनं युजरनेम घेऊन बघितलं, ते काही मिळालं नाही, म्हणून शेवटी एक अंडरस्कोअर जोडला. फोटोंसाठी तिने जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून व्हॉट्सअॅप केला, 'ताई, तुमच्या लग्नातल्या मेंदीचा फोटो आहे का?' बऱ्याच जणींनी पाठवले. नवरीच्या मैत्रिणींनी, करवल्यांनी, एका मावशींनी तर अल्बममधल्या फोटोचा फोटो काढून पाठवला, कोपऱ्यात फ्लॅश चमकतोय तसाच. आठवी-नववीतल्या, सरावासाठी स्वतःच्या डाव्या हातावर काढलेल्या मेंदीचे मात्र फोटो कुणाकडेच नव्हते. ते फक्त त्या अकाउंटवर होते.

मेच्या लग्नांना ती परत कोन घेऊन बसली होती. प्रत्येक हात पूर्ण झाला की दोन फोटो काढते. एक इन्स्टावर टाकते, दुसरा थेट ड्राइव्हवर.